टिंब कुठे गेलं?

आमच्याकडे व्हॉट्सॲपवर कुणाच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो आला की अख्खं खानदान वाचायला बसतं. कऱ्हाडच्या मावशीनं पाठवलेल्या फोटोत कागदाची घडी, ट्यूबलाइटची चकाकी आणि तिचा अंगठा एवढं लख्ख दिसत होतं. औषधं उरलेल्या जागेत होती.

खालच्या कॅल्शियमपुढे १-०-१ होतं. मामांना त्यात आहेराचा आकडा दिसला. सकाळी एक, दुपारी सुट्टी, रात्री एक, असं समजावल्यावर ते जरा हिरमुसले. वरच्या गोळीपुढे ‘ओडी’ होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणारी वहिनी ठामपणे म्हणाली, ‘उजवा डोळा!’ तिच्या दवाखान्यात ते खरंच आहे. पण पोटात घ्यायच्या गोळीपुढे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. मावशीचा डोळा थोडक्यात वाचला.

खरी पंचाईत त्याच गोळीच्या आकड्याची होती. नाव लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं औषध, इथवर एकमत झालं. पुढे सगळ्यांना १२५ दिसत होतं. मला १ आणि २ यांच्यापेक्षा २ आणि ५ यांच्यामध्ये जागा जास्त वाटली, आणि नेमकी तिथूनच घडी गेलेली. टिंब तिथे असेल तर १२.५ मायक्रोग्रॅम, नसेल तर दहापट. गंमत अशी, की बाजारात दोन्ही ताकदीच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे १२५ मागितली तर दुकानात कुणाची भुवईही वर जात नाही. मावशी सत्तरीची, हृदयाचं दुखणं जुनं, औषध पहिल्यांदाच. अशा माणसाला थोडक्यापासून सुरू करतात; एकदम जास्त दिलं तर छातीत धडधड, दुखणंही वाढू शकतं. म्हणजे १२.५च पटत होतं. पण पटणं वेगळं आणि गोळी गिळणं वेगळं.

मामांनी मतदान सुचवलं. मी मावशीला फोन केला. ‘फोटो राहू दे. मूळ कागद, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन मेडिकलमध्ये जा. तिथल्या फार्मासिस्टलाच विचार. त्यालाही शंका आली तर डॉक्टरांना फोन करायला सांग.’

फार्मासिस्टनं कागद उजेडात धरला, मावशीचं वय आणि आजार विचारले आणि तरी स्वतःच्या डोळ्यांवर न विसंबता डॉक्टरांना फोन लावला. १२.५च निघाले. मग पट्टीवरचा आकडा त्यानं मावशीकडून मोठ्यानं वाचून घेतला. गोळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम निदान चार तासांनी, नाहीतर ते या गोळीला अंगी लागू देत नाही, हेही सांगितलं.

संध्याकाळी मावशीचा फोन. ‘एवढी माणसं वाचायला बसली होतात. तो चहा तेवढा कुणाला चुकीचा वाचता आला नाही का रे?’