सॅच्युरेशन बोटावर

राउंडच्या वेळी इंटर्न ओळखायला ॲप्रनवरचं नाव वाचावं लागत नाही. खाटेपाशी उभा राहून जो पेशंट सोडून बाकी सगळीकडे बघतो, ज्याच्या हातातला कागद घड्या घालून घालून मऊ पडलेला असतो आणि ज्याचे ओठ नुसतेच हलत असतात, तो इंटर्न. सर अजून तीन खाटा लांब असतात, पण याचं पारायण सुरू झालेलं असतं.

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला दर वर्षी असा एक तरी माझ्या वाट्याला येतो. यंदाचा नारपोलीचा आहे. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी करत, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत तो साडेआठच्या आत वॉर्डात हजर असतो. नारपोलीत त्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ‘डॉक्टर’ म्हणतात. गल्लीतल्या मावश्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन रविवारी दारात उभ्या राहतात, आणि हाही तो उन्हात धरून ‘हं’ म्हणतो. वडील लूमवर, भाऊ गोदामात. बोलण्यात म्हणाल तर पोरगा कुणाला हार जाणारा नाही.

त्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “मॅडम, तो नळीवाला आज बरा नाही. काल आपला आपण उठून बसला होता, आज दोन वाक्यं बोलताना धापतोय. अंगही तापलंय.”

एवढंच. राउंडला याहून जास्त काय सांगायचं असतं? पण नऊ वाजले, सर आले, त्यांच्यामागे सात-आठ जणांची वरात आली आणि चहाच्या टपरीवरचा तो शहाणा मुलगा कुठे नाहीसा झाला देव जाणे.

“सर, ३८ वर्षांचा पुरुष, विवाहित, उजव्या हाताने काम करणारा…”

उजव्या हाताचं कलम लकव्याच्या पेशंटसाठी असतं. मेंदूची कोणती बाजू बिघडली, वाचेचं काय होईल, याचा त्यावरून अंदाज येतो. या माणसाच्या छातीत उजव्या बाजूला क्षयामुळे पू झाला होता आणि पाच दिवसांपूर्वी बरगड्यांमधून नळी घातली होती. पू काही हात बघून होत नाही. पण मागच्या महिन्यातल्या न्यूरो वॉर्डाच्या कागदावरून केस उतरवली, की सोबत हातही उतरतो.

पुढे तीन महिन्यांपूर्वीचा खोकला आला, मग गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, मग भूक. मग ठेका धरून “नो पॅलर, नो इक्टेरस, नो सायनोसिस, नो क्लबिंग.” ही आरती सगळे इंटर्न एकाच चालीवर म्हणतात. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आज कसा आहे?”

“सॅच्युरेशन ९४, सर.”

“कशावर?”

आमच्या डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. “बोटावर, सर.”

मागच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला. सरांना विचारायचं होतं ते एवढंच, की साध्या हवेवर की ऑक्सिजनवर. काल हा माणूस साध्या हवेवर ९६ होता. आज नाकात दोन लिटरचा ऑक्सिजन लावून ९४. नुसता आकडा सांगितला तर दोन खाली आला, ठीक आहे, असं वाटतं. कशावर ते सांगितलं की ऐकणारा सरसावून उभा राहतो.

“नळीतून किती आलं?”

इथे मात्र आमच्या माणसाचा चेहरा उजळला. बाटलीवर चिकटपट्टी लावून रोज सकाळी आठला खूण करायची, हे मीच शिकवलं होतं. बाटलीत मुळात पाणी घातलेलं असतं. तेवढं आणि कालपर्यंतचं वजा करायचं, तेव्हा कुठे चोवीस तासांचा हिशोब लागतो. त्याने तो चोख केला होता. “काल ३५० मिली, आज फक्त २०. चांगली सुधारणा आहे, सर.”

सर काही बोलले नाहीत, खाली वाकले. बाटलीतल्या पाण्यात बुडालेल्या नळीतली पातळी श्वासाबरोबर वरखाली व्हायला हवी. ती ढिम्म होती. पातळी हलायची थांबते ती दोन कारणांनी: फुप्फुस पूर्ण फुगून छातीला टेकलं, किंवा नळी कुठेतरी अडली. पहिलं असेल तर माणूस सुधारलेला दिसतो, ताप उतरलेला असतो, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की खालपर्यंत श्वास ऐकू येतो. याचा ताप १०१, नाडी ११६, आणि उजवीकडे खाली सामसूम. सरांनी चादर वर केली. दुखतं म्हणून पेशंट उजव्या कुशीवर वळून पडला होता आणि नळी त्याच्या कमरेखाली दुमडलेली. त्याला सरळ केला, नळी मोकळी केली, तशी ती गढूळ पिवळी धार बाटलीत उतरू लागली. एक्स-रे काढायला सांगून सरांनी आमच्या डॉक्टरांकडे पाहिलं. “सुधारणा नळीची होती का पेशंटची?”

तेवढ्यावर थांबेल तर तो इंटर्न कसला. “सर, पेशंट कोऑपरेटही करत नाही. स्पायरोमीटर ओढ म्हटलं तरी ओढत नाही. इन्स्ट्रक्शन फॉलो करत नाही.”

हे वाक्य मात्र माझ्या जिव्हारी लागतं. असं एकदा कागदावर चढलं की पेशंट जाईपर्यंत ते पुसलं जात नाही. उद्याचा इंटर्न आजचंच उतरवतो, आणि माणूस आडमुठा ठरतो. हा माणूस वीस वर्षं लूमवर उभा होता. त्या खडखडाटात कान जातात, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज. शेजारी उभा राहिलेला माणूसही तिथे ओठांकडे बघून आणि हातवाऱ्यांवरून बोलणं समजून घेतो. आमचे डॉक्टर मास्क लावून, कागदात बघत, पाठीमागून सूचना देत होते. मी समोर गेले, मास्क खाली घेतला, हाताने खूण करून ‘आत ओढ’ दाखवलं. उशी छातीशी घट्ट धरायला दिली. गडी ओढायला लागला की.

“तुझे बाबा घरी टीव्ही केवढ्याने लावतात?” मी इंटर्नला विचारलं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “शेजारचे भांडायला येतात.”

दुसऱ्या दिवशी त्याने कागद आणलाच नाही. सर आले तसा पेशंटकडे बघून बोलला: “उजव्या बाजूच्या पूसाठी नळी, सहावा दिवस. काल अडलेली नळी मोकळी केल्यावर ४०० मिली आलं, पातळी आता हलतेय. ताप ९९, साध्या हवेवर ९५. अजून खोकायला घाबरतो आणि उजवा खांदा पाडून बसतो. आज बाटली छातीच्या खाली धरून त्याला वॉर्डात दोन फेऱ्या चालवणार आहे.” अर्धं मिनिटही लागलं नसेल. उजवा हात नाही, गावाकडचे डॉक्टर नाहीत, आरती नाही. मला तर मिठाई वाटावीशी वाटली.

सर म्हणाले, “छान. आणि क्लबिंग?”

नेमकं तेच. छातीत पू बरेच दिवस राहिला की बोटांची टोकं फुगतात, नखं गोलसर होतात. या एका केसमध्ये ते खरोखर बघायचं असतं, आणि काल ‘नो’ म्हणताना याने बोटांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तो पटकन पुढे झाला. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं एकमेकांना टेकवली की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसावी लागते, ती नसेल तर क्लबिंग. आपली बोटं जुळवून त्याने पेशंटला दाखवलं, अगदी समोरून, ओठ हलवत, असं करा म्हणून.

पेशंटने ते नीट पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि सरांना वाकून नमस्कार केला.