पुजारीबुवांना नकार कळवताना

देवस्थानाच्या पुजारीबुवांनी मुलीच्या लग्नासाठी ५० हजारांची उचल मागितली, की विश्वस्तांची लेखणी फार नम्र होते. ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ मग बुवा दर एकादशीला तीर्थ देता देता विचारतात, ‘विचार झाला का?’

काही मंडळे धर्मादाय आयुक्तांना पुढे करतात. १९५० च्या विश्वस्त कायद्यात त्यांची परवानगी लागते ती जमीन विकायला, ट्रस्टसाठी कर्ज काढायला. बुवांच्या अर्जाला नाही म्हणायला लागत नाही.

सरळ पत्र एवढेच: ‘ठेव मूळ निधीची असल्याने मोडता येत नाही. खात्यातली शिल्लक दिवाबत्ती आणि पगारापुरती आहे. म्हणून सभेने अर्ज नामंजूर केला. आपल्या सेवेबद्दल तक्रार नाही.’ खाली ठरावाची तारीख.

‘देवाची इच्छा’ हे कारण मात्र लिहू नये. देवाशी बुवांचीच ओळख जास्त असते.