सवडीने पाठवा

बहारीनच्या गुदेबिया-सलमानिया भागातल्या मराठी घरांत एसी बंद पडला की ज्याला फोन जातो, त्याचं पाळण्यातलं नाव कोणालाच ठाऊक नसतं. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो ‘एसी भाई’ म्हणून सेव्ह असतो. गाव खेड-दापोलीकडचं, त्यामुळे मराठी ऐसपैस. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी असते. म्हणून भाई सकाळीच गच्चीवर चढतो आणि दहाच्या सुमाराला घामाने निथळत खाली उतरतो. तेव्हा वहिनी सरबत देतात, साहेब ऑफिसातून फोनवर ‘थँक्यू’ म्हणतात, आणि पैसे कोणीच देत नाही.

यात लबाडी नसते. साहेबांना वाटतं वहिनींनी दिले, वहिनींना वाटतं साहेबांनी पाठवले. बहारीनमधली निम्मी उधारी अशी नवरा-बायकोच्या परस्परविश्वासावर उभी आहे, असं माझं मत आहे. भाईला हे पक्कं माहीत असल्यामुळे तो चिडत नाही. तो मेसेज लिहितो.

मेसेज लिहिणारा भाई गच्चीवरच्या भाईपेक्षा वेगळा माणूस असतो. कंप्रेसर नुसता हुं हुं करतोय आणि सुरू होत नाही, एवढ्यावरून कपॅसिटर गेल्याचं तो क्षणात सांगतो; पण ‘पैसे’ हा शब्द टाइप करायला त्याला अर्धा तास लागतो. पूर्वी तो व्हॉइस नोट पाठवायचा. त्यात तीन मिनिटं हॉर्न, मध्येच ‘अरे पाना दे’, आणि रक्कम नेमकी विमानाच्या आवाजात. मग एकदा त्याने लिहिलेला मेसेज पाठवून लगेच पुसला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच वाचून त्या घराने रात्रभर एसी बंद ठेवला. स्फोटबिट होणार असेल म्हणून.

आता त्याची पद्धत बसली आहे. मेसेज फॅमिली ग्रुपवर नाही, बिल्डिंगच्या ग्रुपवर तर नाहीच. ज्या नंबरवरून बोलावणं आलं, त्याच नंबरवर. शुक्रवारी दुपारी नाही, कारण तेव्हा तो स्वतः नमाजला आणि गिऱ्हाईक बिर्याणीनंतर झोपेत. महिन्याच्या वीस तारखेला तर अजिबात नाही. पगाराआधी मागितलं की ‘बघतो’ असं उत्तर येतं, आणि बघण्याला शेवट नसतो. या वेळची उधारी वीस तारखेपर्यंत लांबू द्यायची नव्हती, म्हणून कामानंतर चौथ्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमाराला हा मेसेज गेला:

‘नमस्कार वहिनी. मंगळवारी, ८ जुलैला, बेडरूमच्या एसीचा कपॅसिटर बदलला आणि पाण्याची लाइन साफ केली. सामान ४.५००, मजुरी १०.०००, एकूण १४.५०० दिनार. याच नंबरवर बेनिफिटपे चालेल, किंवा सोमवारी संध्याकाळी तुमच्या गल्लीत येतोय तेव्हा रोख. सवडीने पाठवा. एसी गार करतोय ना?’

यातली तारीख वहिनींसाठी नाही, साहेबांसाठी आहे. ‘कधी आला होता हा?’ हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. सामान वेगळं लिहिलं, कारण फुगलेला जुना कपॅसिटर तो मुद्दाम घरातच ठेवून आला होता. शेवटचा प्रश्न सगळ्यात धूर्त. एसी टपकत असेल तर तक्रार आजच येईल, पैसे देताना नाही. आणि गार करत असेल, तर ‘हो’ लिहिल्यावर पैसे न पाठवणं मराठी माणसाला जड जातं. ‘अर्जंट’ नाही, प्रश्नचिन्हांची माळ नाही, निळ्या टिका दिसल्यावर फोन नाही.

रात्री पैसे आले. दिनाराचे फिल्स हजार, म्हणून इथे टिंबानंतर तीन आकडे. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचं बोट तिथे हमखास घसरतं. वहिनींनी पाठवले १.४५०. खाली हात जोडलेले आणि ‘हिशोब मिटला हं भाई!’

भाई बराच वेळ त्या हात जोडलेल्यांकडे बघत बसला. मग त्याने लिहिलं, ‘पोहोचले वहिनी, आभारी आहे. १.४५० दिसतायत, टिंब एक घर डावीकडे सरकलं असावं. बाकी १३.०५०. तेही सवडीने.’

चार मिनिटांत १३.०५० आले. पाठोपाठ मेसेज : ‘अय्या, सॉरी भाई! आणि हॉलचा एसी पण टपकतोय. उद्या याल? पैसे हे देतील.’