उशीर झालेल्या समस्त मंडळींस अनावृत पत्र



मुदत उलटली की आपण येता. नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, आमच्यासारख्या करसल्लागारांच्या कचेऱ्यांवर आपले उपकार मोठे. आपण येताना एक अर्जही आणता, बहुधा पुतण्याने मोबाइलवर लिहून दिलेला. त्यात ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असते, ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ असते आणि शेवटी ‘आपण मायबाप आहात’ हेही असते. शाळेतल्या मास्तरांनी याच कारणांवर रजा मंजूर केली होती, तेव्हा आयकर आयुक्तही करतील, असा आपला भाबडा विश्वास.

कायदा तसा मऊ आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ होतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे एक कोटीपर्यंतचा परतावा मागणारा अर्ज आयुक्तांच्या पातळीवरच निकाली निघतो. फक्त तो करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हवा. म्हणजे उशिराची माफी मागायलाही उशीर करायचा नाही! आपल्यातल्या काहींना हे जाचक वाटेल, याची कल्पना आहे.

आता लोहा तालुक्यातल्या एका वहिनींचा अर्ज पाहा. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला आणि भाऊंनी तो जुलै २०२० मध्ये बँकेत ठेव म्हणून टाकला. मार्च २०२१ पर्यंत त्यावर दोन लाख चाळीस हजार व्याज झाले. बँकेने तेव्हाच्या साडेसात टक्के दराने अठरा हजार टीडीएस कापला. दुसरे करपात्र उत्पन्न नव्हते आणि अडीच लाखांपर्यंत करच नव्हता, म्हणजे सगळे अठरा हजार परत मिळायचे. पण एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, भाऊ गेले. उशिरा भरायच्या रिटर्नची मुदतही ३१ मार्च २०२२ ला संपली.

वहिनींच्या अर्जाचा पहिला मसुदा आपल्याच परंपरेतला होता: ‘दुःखाचा डोंगर कोसळल्यामुळे’. दुःख खरे, पण डोंगराला तारीख नसते. म्हणून आम्ही तो वाक्प्रचार काढला आणि तारखा घातल्या. दवाखान्यात भरती कधी, मृत्यू कधी, न्यायालयात वारस प्रमाणपत्रासाठी अर्ज कधी, ते हातात आले कधी, बँकेने ठेव वहिनींच्या नावावर केली कधी. थोरला लेक लातूरला नीटच्या शिकवणीला होता. त्याच्या शैक्षणिक कर्जासाठी २०२४ मध्ये घरातली कागदपत्रे चाळली, तेव्हा भाऊंच्या २६एएस मध्ये हा टीडीएस दिसला. प्रत्येक तारखेमागे एक कागद लावला. सोबत उत्पन्नाचा हिशेब जोडला, आणि हे व्याज दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात धरायचे नाही, हेही लिहिले.

इथे आपण विचारता, ‘मग रोजच्या रोजचा हिशेब द्यायचा का?’ नाही हो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातिजी प्रकरणात म्हणून ठेवले आहे, की दिवसादिवसाचा खुलासा मागायचा तर मग तासातासाचा आणि सेकंदासेकंदाचा का नको? उशिरा येऊन सहसा कोणाचा फायदा होत नाही, हेही तिथेच सांगितले आहे. मात्र २०२१ मधल्या मृत्यूने २०२३ चा उशीर आपोआप समजत नाही. मधल्या वर्षांत काय चालले होते, ते सांगावेच लागते. बहुतेक अर्ज लंगडतात ते इथेच. दुसरे लंगडणे ‘खरी अडचण’ या शब्दांपाशी. उशीर का झाला हे एक, आणि पैसे न मिळाल्याने काय अडते हे दुसरे. आपण पहिल्यावर दोन पाने लिहिता आणि दुसरे विसरता. वहिनींनी दोन ओळींत लिहिले: कमावता माणूस गेला, कर देणे लागतच नव्हते, लेकाची फी आहे.

आपल्यातले काही चतुर ‘अपडेटेड रिटर्न भरून टाकू’ म्हणतात. जरूर भरा, सरकारला आणखी कर द्यायचा असेल तर! परताव्यासाठी ते दार बंद आहे.

एका बाबतीत खाते फार हळवे आहे. आपण उशीर केला म्हणून परताव्यावर व्याज मिळत नाही. ते अठरा हजार इतकी वर्षे सरकारने सांभाळले, हेच पुष्कळ. अर्ज मात्र ‘शक्यतो’ सहा महिन्यांत निकाली निघावा, असे परिपत्रक म्हणते. या ‘शक्यतो’कडून आपण सर्वांनी शिकायला हवे, ‘अपरिहार्य’पेक्षा किती सुटसुटीत आहे पाहा.

आपला, वाट पाहणारा,
एक करसल्लागार, नांदेड

ता.क. पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करा, मग `Services` मध्ये `Condonation Request` आहे. मंजुरीचा आदेश हातात येण्याआधी रिटर्न भरू नका, आणि भरताना कलम म्हणून `119(2)(b)` निवडा. नंतर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा. नाहीतर त्या उशिराच्या माफीसाठी पुन्हा वजिराबादेत भेटूच, पुतण्यालाही आणा.