पावती एक, मालक दोन

वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलून एकच करवजावट दोन्ही मालकांकडून पदरात पाडून घेणारा नोकरदार प्राप्तिकराच्या नोटिशीला जे उत्तर लिहितो, त्यास स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचा मान मिळावयास हवा. त्यातील मध्यवर्ती विधान ठरलेले असते: दोन्ही फॉर्म १६ कंपन्यांनीच दिले आहेत, दोन्हींत देय कर शून्य आहे, सबब नोटीस मागे घ्यावी. फॉर्म १६ म्हणजे मालकाने दिलेला पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला होय. या वाङ्मयात मात्र त्याला ताम्रपटाची प्रतिष्ठा असते.

आर्थिक वर्ष २०२२-२३ मधील, जुन्या करप्रणालीतील एक नमुना पाहता येईल. पहिल्या मालकाने सप्टेंबरपर्यंत ५ लाख रुपये दिले आणि दुसऱ्याने मार्चपर्यंत ७ लाख. दोघांनीही आपापल्या रकमेतून ५० हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्येक पगारदाराला पुराव्याविना मिळणारी सूट, दिली आणि कलम ८०सी खालील, म्हणजे ठरावीक बचतीवरील, दीड लाखही वजा केले. उरले अनुक्रमे ३ लाख आणि ५ लाख. करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए नुसार संपूर्ण कर माफ होत असल्याने दोन्हीकडे शून्य आले, आणि वर्षाला १२ लाख मिळवणारा गृहस्थ कागदोपत्री दोन निम्नवित्त गृहस्थांत विभागला गेला.

या चमत्काराच्या मुळाशी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या, दीड लाखांच्या भरण्याची एकच पावती आहे. एप्रिलमध्ये मिळालेली ही पावती पहिल्या कंपनीच्या संगणकावर चढवली गेली आणि जानेवारीत, पुरावे मागवण्याच्या हंगामात, तीच दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चढली. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, पीपीएफ खात्यात एका वर्षात दीड लाखांहून अधिक रक्कम भरताच येत नाही, त्यामुळे खिडकीपलीकडच्या कारकुनाने या गृहस्थाकडून तीन लाख कदापि घेतले नसते. जी रक्कम खात्यात शिरू शकत नाही ती दोन पगारपत्रकांतून मात्र सुखेनैव वजा झाली, आणि गुंतवणूक न करता बचत दुप्पट करण्याचा जो मार्ग अर्थशास्त्राला सापडला नव्हता तो एका पावतीच्या छायाप्रतीने दाखवून दिला. याच न्यायाने वर्षात चार नोकऱ्या करणाऱ्याची बचत सहा लाख भरेल, आणि दर महिन्याला राजीनामा देणारा तर अठरा लाखांची बचत करून बारा फॉर्म १६ उराशी बाळगत राष्ट्राच्या भांडवल उभारणीतील अग्रणी ठरेल.

हे टाळण्यासाठी फॉर्म १२बी आहे. आधीच्या मालकाकडील पगार, वजावटी आणि कापलेला कर यांचा तपशील नव्या मालकाला कळवण्याचा हा नमुना भरला असता, तर दुसऱ्या कंपनीने १२ लाख एकत्र धरून कर कापला असता. तो न भरण्याचे कारण उत्तरात ‘एचआरने मागितला नाही’ असे दिले जाते, आणि ते अंशतः खरेही असते, कारण भाडेपावतीवर घरमालकाची सही जरा तिरकी पडली तरी ती परत पाठवणारे पगारविभाग ऑक्टोबरात रुजू झालेला मनुष्य सप्टेंबरपर्यंत हवा खाऊन जगत होता असे बिनतक्रार गृहीत धरतात. परंतु खरे कारण बहुधा मुलाखतीत दडलेले असते: तेथे जुना पगार दीडपट फुगवून सांगितला गेला होता आणि फॉर्म १२बी मध्ये तो खरा लिहावा लागला असता. एका खोटेपणाच्या रक्षणार्थ दुसरा करावा आणि तिसऱ्या दिवशी नोटिशीवर ‘अनवधानाने’ हा शब्द लिहावा, हा निर्लज्जपणा आहे. त्याला अनवधान म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

कारण विवरणपत्र भरताना या गृहस्थाला सत्य कळलेलेच असते. दोन्ही पगार भरताच विवरणपत्र दोन्ही वजावटी एकदाच देते, करपात्र उत्पन्न १० लाख ठरते आणि उपकरासह १,१७,००० रुपये कर समोर येतो. तो पाहून पहिला पगार खोडला जातो, आणि नंतर मालकांनी कळवलेल्या वेतनाशी त्याचा मेळ बसत नाही म्हणून नोटीस येते. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत सुधारित विवरणपत्र भरून केवळ कर व व्याजावर सुटता आले असते. आता कलम २३४बी चे दरमहा एक टक्का व्याज एप्रिलपासून चढलेले असते, आणि दंडाची टांगती तलवार वेगळीच: उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या निम्मा, चुकीची माहिती देऊन दाखवल्यास दुप्पट. या दोहोंपैकी आपली जागा कोणती हे उत्तराच्या भाषेवरून ठरू शकते, हे मात्र तीन पानी उत्तर लिहिणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. योग्य उत्तर एका ओळीचे असते: दोन्ही पगार मान्य, वजावट एकदाच, कर भरला, चलान सोबत.