सिंगल पीस आहे, ताई!

बायकोने फेसबुकवर लाइव्ह साड्या विकायला घेतल्या, तेव्हा मला अर्थखातं मिळालं. काम एवढंच, की 'पैसे पाठवले' म्हणणाऱ्या ताईंचे पैसे खरोखर आलेत का ते बघायचं. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो जुना असू शकतो, कुणी बनवलेलाही असू शकतो. म्हणून बारा आकडी यूटीआर नंबर बँकेच्या नोंदीशी जुळल्याशिवाय मी पार्सल हलू देत नाही. मावससासूबाईंकडेही नंबर मागितला. त्या अजून बोलत नाहीत.

आणि लाइव्ह हे म्हणण्यापुरतंच लाइव्ह. बायको आत्ता दाखवते ते बघणाऱ्यांना काही सेकंद उशिरा दिसतं, त्यातही ज्याचं नेट जसं तसा उशीर. ती चौदावी साडी उलगडते, तोवर खाली बाराव्या साडीसाठी 'ही माझी' चा पाऊस. 'ही' म्हणजे कोणती, यावर सोलापूरच्या ताई आणि शारजाच्या ताई कॉमेंटमध्येच भिडल्या, आणि साडी सिंगल पीस! तेव्हापासून प्रत्येक साडीला नंबराची चिठ्ठी टाचलेली असते. त्या नंबराचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर ज्यांचा आधी, साडी त्यांची. पंधरा मिनिटांत पैसे नाहीत, तर पुढच्या ताई.

पण खरा छळ रंगाचा. वांगी रंगाची सेमी पैठणी, किंमत १,४५० रुपये, नाशिकला पोहोचली आणि फोन आला, "दादा, मी निळी घेतली होती हो!" रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर खरंच निळी. उजेड बदलला की मोबाइलचा कॅमेरा रंगांचा हिशोब आपल्या मनाने मांडतो, आणि जांभळ्यातली लाली बऱ्याचदा त्यातच गडप होते. साडी परत आली, येण्याजाण्याचं टपाल अर्थखात्याने भरलं. आता अशा रंगांच्या साड्या दिवसा खिडकीशी, पांढऱ्या कागदाशेजारी धरून त्यांची क्लिप आधी ग्रुपवर जाते. रात्री लाइव्हमध्ये कागद निळसर दिसू लागला, की समजायचं, कॅमेरा थापा मारतोय. मग बायको तोंडाने सांगते, "वांग्याच्या सालीचा रंग, ताई. निळा नाही. नाही म्हणजे नाही."

रंग, डिझाइन, मूड यांवरून एरवी साडी परत घेत नाही. फाटली किंवा डागाळली असेल तरच, तेही पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर. एका ताईंनी व्हिडिओऐवजी हळदीच्या डागाचा फोटो पाठवला. "अहो, पाकिटातूनच अशी निघाली!" डाग होता खरा. शेजारी फॉलही शिवलेला दिसत होता. आम्ही फॉल लावून देत नाही.

तेव्हा ताईंनो, पाकिटाला कात्री लावण्याआधी व्हिडिओ सुरू करा, वरचा पत्ता दिसू द्या, मध्ये थांबवू नका. आणि यूटीआर मागितला की "आमच्यावर विश्वास नाही का?" असं अर्थखात्याला विचारू नका. नाही.