कृपया लिंक पाहावी

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस किमान 14 दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं मागे पडतात आणि लिंका यायला लागतात. यंदाची लिंक पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची होती. खाली सेक्रेटरींची एकच ओळ : ‘कृपया पाहून मत कळवावे.’

लिंक दाबली की You need access. मी हे ग्रुपवर कळवायला गेलो, तोवर बारा अंगठे आणि तीन ‘सहमत’ येऊन पडले होते. एकाने ‘फारच जास्त वाटतंय’ असंही लिहिलं होतं. कागद कोणीच पाहिलेला नसताना माणसं नेमकी कशाशी सहमत होतात, याचं मला कुतूहल आहे. बहुधा सेक्रेटरींशी होत असावीत. किंवा त्यांच्याशी असहमत होण्याची सवय असावी. आकडा हे निमित्त.

सेक्रेटरींचंही यात खरं चुकत नाही. त्यांच्या फोनवर ती लिंक झटकन उघडते, कारण त्यांना परवानगी आहेच. नवी फाइल बनवली की ती Restricted असते, म्हणजे ज्यांची नावं घातली तेवढ्यांनाच दिसते. ते बदलून Anyone with the link केलं आणि पुढे Viewer ठेवलं, म्हणजे लोक पाहू शकतात, पण आकड्यांना हात लावू शकत नाहीत. हे न करता लिंक पाठवणं म्हणजे बंद घराचा पत्ता देऊन जेवायला बोलावणं. पाठवण्याआधी तीच लिंक Incognito खिडकीत उघडून पाहिली, की आपलं घर बाहेरच्याला कसं दिसतं ते कळतं. पण सेक्रेटरींना हे ग्रुपवर सांगायचं कोणी? पुढच्या वर्षी त्यालाच सेक्रेटरी करतात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त बँकवाले. मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी आधी पानावर कोणता मेल दिसतोय ते पाहायला लावलं. फोनमध्ये घरचा आणि ऑफिसचा असे दोन मेल असले, की परवानगी एकाला असते आणि दार दुसराच वाजवत असतो. माझा तोही दोष नव्हता. फाइल काढून टाकली असती तर ती अस्तित्वात नाही असा वेगळाच निरोप आला असता, म्हणजे फाइल जिवंत आहे. पत्त्यात docs.google.com/spreadsheets असं होतं, म्हणजे आत तक्ता आहे. आकडे किती, हे मात्र त्या लांबलचक अक्षरांच्या माळेतून कुणालाच वाचता येत नाही.

मग Request access दाबायचं. हा अर्ज जातो फाइलच्या मालकाच्या मेलवर. लिंक ग्रुपवर टाकणारा वेगळा असला तर त्याला पत्ताही नसतो. आमची फाइल सोसायटीच्या मेलवरची; तो मेल आधीच्या खजिनदारांनी उघडलेला आणि तो दिसतो त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर. मुलगा पुण्यात.

“अरे, फाइल कशाला हवी? आपल्याला काय विचारायचंय ते विचार ना,” काका म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून सेक्रेटरींना निरोप लिहिला : ‘लिंक उघडत नाही, अंदाजपत्रक अजून पाहिलेलं नाही, म्हणून रकमेवर मत देत नाही. टाकी गच्चीवरची की जमिनीखालची? वॉटरप्रूफिंग आतून की फक्त बाहेरून? जीएसटी धरून की वेगळा? कोटेशनं किती जणांची? कामाच्या दिवसांत टँकर कोणाच्या खर्चाने? जमल्यास पीडीएफ पाठवा, नाहीतर एक प्रत नोटीस बोर्डावर लावा.’ ‘अजून पाहिलेलं नाही’ हे शब्द काकांनी हट्टाने घालायला लावले. सभेच्या दिवशी ‘तुम्ही तर ग्रुपवर हो म्हणाला होतात’ असं कुणी म्हणू नये म्हणून. वर हेही सांगितलं, की सोसायटीचा मागचा लेखापरीक्षित ताळेबंद सभासदाला कार्यालयात जाऊन पाहता येतो, त्यासाठी लिंक लागत नाही. तिथे निदान दुरुस्ती निधीत शिल्लक किती ते कळतं. खर्च माहीत नसला तरी खिसा माहीत असावा.

तोवर ग्रुपवर कोणी चार लाख म्हणालं होतं, कोणी नऊ. दोघांनाही कुणी विचारलं नाही की हे कुठे वाचलं. नऊ लाखवाल्यांना पाठिंबा जास्त मिळाला, कारण नऊ लाखांवर चिडता येतं.

संध्याकाळी सेक्रेटरींनी तोडगा काढला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोनने काढलेला फोटो टाकला. ट्यूबलाइटचा उजेड मधोमध पडलेला, सिमेंट आणि मजुरीच्या ओळी स्पष्ट, आणि उजवीकडे जिथे रकमेचा रकाना सुरू होतो तिथे फोटो संपलेला. खाली लगेच सात अंगठे.

काकांनी तो मोठा करून, फोन आडवा-तिडवा करून पाहिला आणि मला म्हणाले, “चल, आता पहिला प्रश्न गाळ. टाकी गच्चीवरची आहे.”